उसाच्या रसाचे ७०० कॉलम आणि नमुने फक्त १२०: रिज घ्यावं की लॅसो?

रंकाळ्याकाठी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. कारखाना कुठला ते विचारू नका, प्रश्न आकड्यांचा आहे.

आमच्याकडे उसाच्या रसाचा पोल, म्हणजे त्यातलं साखरेचं प्रमाण, नेहमीच्या पद्धतीने काढतात. रसात लेड सबॲसिटेट टाकायचं, गाळायचं, पोलरीमीटरच्या नळीत भरायचं आणि वाचायचं. एका नमुन्याला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. यंदा निअर-इन्फ्रारेडचं मशीन आलं. त्यात रस ठेवला की मिनिटभरात ११०० ते २४९८ नॅनोमीटरपर्यंत दर २ नॅनोमीटरला एक वाचन मिळतं, म्हणजे एकूण ७०० वाचनं. या ७०० आकड्यांवरून पोल सांगायचा, म्हणजे कोणता फड आधी तोडायचा ते शेती विभागाला लवकर कळेल.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये १२० नमुने घेतले. प्रत्येक नमुना मशीनवर तीनदा स्कॅन केला, म्हणजे ३६० ओळी झाल्या. लॅबचा पोल मात्र नमुन्याला एकच, तो तिन्ही ओळींना लावला. पोल १३ ते २० च्या दरम्यान आहे, प्रमाण विचलन १.६.

मग आरमध्ये हे चालवलं:

```r
cv_l <- cv.glmnet(X, y, alpha = 1)
cv_r <- cv.glmnet(X, y, alpha = 0)
```

लॅसोची क्रॉस-व्हॅलिडेशनची चूक (आरएमएसई म्हणतोय) ०.२४ आली, त्याने ९६ तरंगलांबी ठेवल्या. रिजची ०.७१. मी अर्थातच लॅसो घेतला. साहेब खूश, चार्ट भिंतीवर लागला.

जानेवारीत २५ नवे नमुने आले. त्यांच्यावर चूक ०.८३! शिवाय `set.seed` बदलून चालवलं की निवडलेल्या तरंगलांबी बदलतात. एकदा १६९४ येते, दुसऱ्यांदा ती गायब आणि १७०२ हजर. मशीन बिघडलंय की माझं डोकं? आणि रिज-लॅसोमधलं नक्की काय वापरावं?

तालीमवाला

भावा, मशीन बरं आहे, तुझा दंड कमी पडलाय. आमच्या तालमीत दंड कमी पडले की वस्ताद जसे ओरडतात तसंच हे. 🙂

`lambda.min` घेतलास ना? तो नेहमी ओव्हरफिट करतो. `lambda.1se` घे, पेनल्टी वाढेल, तरंगलांबी कमी होतील. मग ज्या वीसेक उरतील त्याच खऱ्या महत्त्वाच्या. तेवढ्या घेऊन साधं `lm()` लाव, विषय संपला. लॅसोचा उपयोगच तो आहे.

शिरोळचा_ऊस

म्हणजे आता मिनिटात पोल बघून आमच्या उसाचा दर ठरवणार का? आधीच काट्यावर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात हे ०.८३ ची चूक करणारं यंत्र. आमच्या बिलात ती चूक कोण भरून देणार?

आणि एक सांगा, नोव्हेंबरात कुठला ऊस तोडला होता आणि जानेवारीत कुठला? आमच्याकडे ६७१ लवकर पिकतो, तो पहिल्या झटक्यात जातो. ८६०३२ मागनं येतो. २६५ तर आणखी रेंगाळतो. वर खोडवा वेगळा, आडसाली वेगळा. सगळं एकाच तागडीत घालून कसं चालेल?

रंकाळ्याकाठी

दादा, दराचा काही संबंध नाही. एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, तुमच्या एका गाडीच्या पोलवर नाही. हे फक्त तोडणीचा क्रम लावायला आहे.

पण जातीचं म्हणालात ते लिहून ठेवलंय. नोव्हेंबरात ६७१ बराच होता, जानेवारीच्या २५ मध्ये जवळजवळ सगळा ८६०३२ आहे.

काटकोन

शिरोळकरांचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे, त्याकडे नंतर येऊ. आधी मला दोन गोष्टी सांगा.

एक, `cv.glmnet` ने दहा फोल्ड कसे पाडले? तुम्ही `foldid` दिलेला नाही, म्हणजे ३६० ओळी त्याने पत्त्यांसारख्या पिसल्या आणि वाटल्या. मग एकाच नमुन्याचे तीन स्कॅन वेगवेगळ्या फोल्डमध्ये गेले असणार.

दुसरं, तुमच्या लॅबच्या पोलची स्वतःची चूक किती? तोच रस दोनदा काढला तर दोन वाचनांत किती फरक पडतो?

रंकाळ्याकाठी

ताई, फोल्ड आपोआपच पडू दिले. तीन स्कॅन कुठे गेले ते पाहिलंच नाही.

दुसऱ्याचं उत्तर नव्हतं म्हणून आज करून पाहिलं. २० नमुन्यांचा पोल दोन-दोनदा काढला, दुसऱ्यांदा काढणाऱ्याला पहिला आकडा दाखवला नाही. दोन वाचनांतल्या फरकाचं प्रमाण विचलन ०.४० आलं.

काटकोन

छान केलंत. फरकात दोन्ही वाचनांची चूक मिसळलेली असते, म्हणून ०.४० ला वर्गमूळ दोनने भागा. एका वाचनाची चूक साधारण ०.२८.

आता तुमच्या लॅसोकडे पाहा. तो म्हणतो, मी लॅबच्या आकड्यापासून सरासरी ०.२४ च दूर आहे. पण लॅबचा आकडाच खऱ्या पोलपासून ०.२८ ने इकडे-तिकडे हलतो. मॉडेलला खरा पोल अगदी देवानं कानात सांगितला, तरी लॅबच्या आकड्याशी ताडल्यावर चूक ०.२८ च्या खाली जायला नको. ती गेली, म्हणजे मॉडेलला लॅबची चूकसुद्धा आधीच माहीत होती. ती कुठून कळली? त्याच नमुन्याच्या उरलेल्या दोन स्कॅनमधून.

हिशेब करा. दहा फोल्ड असतील तर परीक्षेला बसलेल्या एका स्कॅनची दोन्ही भावंडं त्याच फोल्डमध्ये असण्याची शक्यता शंभरात एक. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा निदान एक भावंड शिकवणीच्या बाजूला बसलेलं आहे आणि त्याच्या गळ्यात तोच पोल, तीच लॅबची चूक अडकवलेली आहे. अशा परीक्षेत जो पाठ करेल तो पहिला येतो. पाठ करायला पेनल्टी कमी लागते, म्हणून क्रॉस-व्हॅलिडेशनने अगदी बारीक लॅम्डा निवडला आणि ९६ तरंगलांबी ठेवल्या. वेगळे नमुने १२० च आहेत हे ध्यानात घ्या. १२० नमुन्यांसाठी ९६ सहगुणक म्हटल्यावरच शंका यायला हवी होती.

नमुना अख्खा एका फोल्डमध्ये राहील असं करा:

```r
grp <- sample(rep(1:10, length.out = 120))
fid <- grp[d$namuna]   # namuna: 1 ते 120
cv_l <- cv.glmnet(X, y, alpha = 1, foldid = fid)
```

आणि `fid` जपून ठेवा, रिजलाही तेच द्या. नाहीतर एकाची परीक्षा एका पेपरवर आणि दुसऱ्याची दुसऱ्यावर होते.

उद्यमनगर

मधेच विचारतो. तिन्ही स्कॅनची सरासरी काढून १२० ओळीच का ठेवत नाही? मग भावंडंच उरत नाहीत.

काटकोन

चालेल, आणि बऱ्याचदा तेच सोपं. फक्त पुढे यार्डात प्रत्येक रस तीनदा स्कॅन करून सरासरी घेणार असाल तरच. तिथे घाईत एकच स्कॅन होणार असेल, तर सरासरीवर मोजलेली चूक तुम्हाला पुन्हा थोडी फसवेल, कारण सरासरीत स्कॅनचा गोंधळ कमी झालेला असतो.

रंकाळ्याकाठी

यार्डात एकच स्कॅन होईल, त्यामुळे ओळी वेगळ्याच ठेवल्या. निकाल:

लॅसोची चूक ०.२४ वरून ०.५७ झाली. लॅम्डा ०.०१२ होता तो ०.०३ झाला. तरंगलांबी ९६ वरून २१. म्हणजे तालीमवाल्यांचा "दंड वाढव" हा सल्ला बरोबरच होता म्हणायचा?

रिज मात्र हटत नाही. ०.७४.

तालीमवाला

बघा! नाद नाही करायचा. 💪

काटकोन

तालीमवाले, दंड वाढायला हवा होता हे तुमचं खरं. पण `lambda.1se` ने ते झालं नसतं. फोल्डच फुटलेले असताना चुकीचा वक्रही खोटा आणि त्याची प्रमाण चूकही खोटी. खोट्या वक्रावर एक पायरी मागे सरकून थोडं बरं उत्तर मिळालं असतं, पण चूक ०.२५-०.२६ च्या आसपासच दिसली असती आणि साहेबांचा चार्ट भिंतीवरच राहिला असता. रोग फोल्डमध्ये होता.

`lambda.min` "नेहमी" ओव्हरफिट करतो असंही नाही. फोल्ड प्रामाणिक असतील आणि तुम्हाला फक्त अंदाज हवा असेल, तर `lambda.min` ठीक. कमी तरंगलांबी हव्या असतील आणि त्यासाठी थोडी चूक सोसायची तयारी असेल, तर `lambda.1se`. लॅसो सहगुणकांना शून्याकडे ओढतो. `1se` ला ही ओढ आणखी वाढते आणि टोकाचे पोल, म्हणजे तुमचे १३ आणि २०, मध्याकडे सरकलेले दिसतात. तोडणीचा क्रम लावताना नेमकी टोकंच हवी असतात.

आता रिज. रंकाळ्याकाठी, `cv_r$lambda.min` आणि `min(cv_r$lambda)` हे दोन आकडे टाका.

रंकाळ्याकाठी

दोन्ही ९.६. एकच आकडा आहे!

काटकोन

मग रिजला तुम्ही अजून धावूच दिलेलं नाही.

`glmnet` लॅम्डाची शिडी स्वतः बनवतं, १०० पायऱ्यांची. वरची पायरी लॅसोसाठी अशी ठरते की तिथे सगळे सहगुणक शून्य होतात. रिजमध्ये सहगुणक कधीच शून्य होत नाहीत, म्हणून वरची पायरी लॅसोच्या हजारपट धरली जाते. तुमच्याकडे ती ९६० च्या आसपास असणार. खालची पायरी किती खाली जावी? ओळींपेक्षा कॉलम जास्त असले की ती वरच्या पायरीच्या शंभराव्या हिश्शावर थांबते. तुमच्या ओळी ३६०, कॉलम ७००. ९६० चा शंभरावा हिस्सा ९.६. शिडी तिथे संपली आणि रिज शेवटच्या पायरीवर उभा राहून खाली बघतोय. `plot(cv_r)` केलंत तर वक्र टोकापर्यंत उतरतच गेलेला दिसेल, तळ कुठे दिसणार नाही.

शिडी हाताने द्या:

```r
lam <- 10^seq(3, -4, length.out = 100)
cv_r <- cv.glmnet(X, y, alpha = 0,
                  foldid = fid, lambda = lam)
```

रंकाळ्याकाठी

अरे देवा. रिजची चूक ०.५२ झाली. लॅम्डा ०.०६. वक्राचा तळ आता मधोमध दिसतो, दोन्ही बाजूंनी चढ आहे.

म्हणजे रिज जिंकला?

काटकोन

०.५२ आणि ०.५७ मध्ये जिंकणं-हरणं काही नाही. नमुने १२० आहेत. `grp` वेगळा पाडून दहा-वीस वेळा चालवा आणि दोन्हींच्या चुका शेजारी-शेजारी मांडा. लॅम्डाही प्रत्येक वेळी हलेल. वक्राचा तळ परातीसारखा सपाट असेल तर तो कुठे थांबला याला फार अर्थ नसतो, चूक किती हलते ते बघा.

पंचगंगाकाठ

मला हे वाचून घाम फुटलाय. मी पंचगंगेच्या पातळीवर काम करतोय, राजाराम बंधाऱ्याची. इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट हे तर आपल्याकडे पोरासोरांना पाठ. माझ्याकडे १२ ठिकाणांचा पाऊस आहे, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी वगैरे. प्रत्येकाचा मागच्या १० दिवसांचा, म्हणजे १२० कॉलम. जून ते सप्टेंबर, ८ वर्षं, ९७६ ओळी. लॅसो लावला, दहा फोल्ड आपोआप. चूक अर्धा फूट! मी दोस्तांना सांगत सुटलो होतो.

माझ्याकडे तर भावंडं नाहीत ना? प्रत्येक दिवस वेगळा आहे.

काटकोन

कालची पातळी आणि आजची पातळी भावंडंच की. पाणी चढायला-उतरायला दिवस लागतात. १४ तारीख परीक्षेला आणि १३, १५ शिकवणीला, असं झालं तर मॉडेल पाऊस न समजताही मधला आकडा सांगेल. अख्खं वर्ष बाहेर ठेवा. आठ वर्षं म्हणजे आठ फोल्ड.

पंचगंगाकाठ

केलं. चूक अर्ध्या फुटावरून साडेतीन फूट. आणि त्यातही २०१९ आणि २०२१ ची वर्षं बाहेर असली की चूक भयंकर, बाकीची सहा वर्षं दीड-दोन फुटांत. ती दोन वर्षं वगळून लॅम्डा निवडू का? ती अपवादच होती.

काटकोन

२०१९ मध्ये अर्धं शहर पाण्यात होतं, तुम्ही मॉडेल नेमकं कशासाठी करताय? ती दोन वर्षं काढली तर लॅम्डा अशा पावसाळ्यांसाठी निवडला जाईल जेव्हा कुणाला अंदाजाची गरजच नव्हती. ठेवली तर सरासरी चूक त्या दोघांच्याच ताब्यात जाते आणि लॅम्डा खरं तर दोन वर्षांवरून ठरतो. दोन्हीकडून अडचण आहे, आणि पेनल्टी बदलून ती सुटेल असं मला वाटत नाही. नदी पात्राबाहेर गेली की फूटभर चढायला किती पाणी लागतं तेच बदलतं. सरळ रेषेला ते कसं कळणार? यासाठी वेगळा धागा काढा, इथे रस चाललाय.

रंकाळ्याकाठी

माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. फोल्ड सुधारल्यावरही लॅसोच्या तरंगलांबी बदलतातच. पाच वेळा, दर वेळी एक वेगळा फोल्ड बाहेर ठेवून उरलेल्यांवर लॅसो लावला. प्रत्येक वेळी १९ ते २४ राहिल्या, पण पाचही वेळा आलेल्या फक्त ६. साहेबांना "या तरंगलांबी साखरेच्या" असं सांगायचं होतं.

तालीमवाला

त्या ६ खऱ्या. बाकीच्या फेक.

काटकोन

इतकं सरळ नाही. कागदावर एक छोटं उदाहरण करू.

समजा १७०० आणि १७०२ नॅनोमीटरची वाचनं जवळजवळ तंतोतंत सारखी आहेत. तुमच्या रसात ती तशीच असणार, कारण शोषणाचा पट्टा कित्येक नॅनोमीटर रुंद असतो आणि तुम्ही दर दोन नॅनोमीटरला मोजताय. समजा त्या दोघींनी मिळून सहगुणक २ द्यायचा आहे. पहिलीला २ आणि दुसरीला ० दिला काय, किंवा दोघींना १-१ दिला काय, अंदाज तोच.

लॅसोचा दंड चिन्ह सोडून सहगुणकांच्या बेरजेवर. २ + ० = २, १ + १ = २. त्याला दोन्ही सारखंच. मग एका फोल्डमध्ये पहिलीत केसभर गोंगाट कमी पडला की तो तिलाच सगळं देऊन दुसरीला शून्य करतो. पुढच्या फोल्डमध्ये उलट.

रिजचा दंड वर्गांच्या बेरजेवर. ४ + ० = ४, पण १ + १ = २. त्याला वाटून देणं स्वस्त पडतं, म्हणून तो दर वेळी वाटूनच देतो आणि हलत नाही.

म्हणून तुमच्या लॅसोचं "१६९४ गेली, १७०२ आली" हे एकाच घरातल्या दोघांपैकी कुणी दार उघडलं एवढंच आहे. ज्या ६ पाचही वेळा आल्या त्यांना कदाचित जवळचं जुळं नसेल, म्हणून त्या टिकल्या. त्या जास्त "खऱ्या" म्हणून टिकल्या असं नाही. आणि ज्या गेल्या त्या फेक नाहीत. साहेबांना तरंगलांबी सांगू नका, पट्टा सांगा: १७०० च्या आसपास काहीतरी दर वेळी येतं. तिथे कार्बन-हायड्रोजन बंधाचा पट्टा आहे, साखरेशी जुळतं. १४५० किंवा १९४० च्या आसपास काही आलं तर सांभाळून बोला, तो पाण्याचा पट्टा आहे. रसात पाणी कमी म्हणजे साखर जास्त, तेव्हा मॉडेल तिथूनही पोल ओळखू शकतं, पण मग ते ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेलं सगळंच, ओळखतंय, पोल नाही.

तालीमवाला

हं. मग निवडलेल्या २१ घेऊन `lm()` लावणंही बाद?

काटकोन

लावा, पण निवड आणि `lm()` दोन्ही प्रत्येक फोल्डच्या आत करा. सगळ्या १२० नमुन्यांवर निवड करून मग त्याच २१ वर क्रॉस-व्हॅलिडेशन केलंत, तर पेपर फुटलाच. फक्त वेगळ्या दाराने.

पायथॉनप्रेमी

मी हेच `RidgeCV` ने करतो, त्यात काही अडचण नाही ना? काही न देता चालतं, फार सोयीचं आहे.

काटकोन

काही न देता ते फक्त तीन पेनल्टी तपासतं: ०.१, १ आणि १०. वर एक-एक ओळ बाहेर काढून परीक्षा घेतं. यांच्या डेटावर ते चालवलं असतं, तर प्रत्येक स्कॅनची दोन्ही भावंडं कायम शिकवणीत. `cv` मध्ये गटाने पाडलेले भाग द्या, `alphas` ची लांब यादी द्या. कॉलम एका मापात आणणंही ते स्वतः करत नाही, `Pipeline` मध्ये तुम्हालाच घालावं लागतं. आणि त्यातला `alpha` इथल्या ०.०६ शी ताडून बघू नका. तिथे चुकांची बेरीज धरलीय, `glmnet` मध्ये सरासरी.

उद्यमनगर

माझ्या फाउंड्रीत ८ कॉलम आहेत (तापमान, कार्बन, सिलिकॉन वगैरे) आणि २,००० कास्टिंग. मीही रिज लावू का?

काटकोन

लावलंत तर लॅम्डा शून्याजवळ येईल आणि उत्तर साध्या रिग्रेशनचंच मिळेल. काही बिघडणार नाही, पण काही मिळणारही नाही.

रंकाळ्याकाठी

आता जानेवारीच्या २५ नमुन्यांवर दोन्ही नव्याने चालवले. लॅसो ०.६६, रिज ०.६१. ०.८३ पेक्षा बरंच खाली आलं. पण क्रॉस-व्हॅलिडेशन तर ०.५२ म्हणत होतं, अजूनही फरक राहतोच.

काटकोन

२५ नमुन्यांवरचा आकडा स्वतःच डगमगता असतो, पण मला वाटतं इथे शिरोळकर बरोबर ठरतात. तुमचे फोल्ड विचारतात, "याच दोन महिन्यांतला नवा नमुना आला तर?" जानेवारी विचारतं, "नवा पंधरवडा आणि दुसरी जात आली तर?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर फोल्डही तसेच पाडा. नोव्हेंबर-डिसेंबरचे चार पंधरवडे, चार फोल्ड.

रंकाळ्याकाठी

केलं. रिज ०.६३. जानेवारीचा ०.६१. आता दोन्ही आकडे एकमेकांशी बोलतात.

लॅम्डाही ०.०६ वरून ०.२ वर गेला.

शिरोळचा_ऊस

म्हणजे मी म्हटलं तेच झालं, फक्त इंग्रजीतून. 🙂 जात टाका की मॉडेलमध्ये, स्लिपवर लिहिलेली असते.

रंकाळ्याकाठी

टाकून बघतो दादा. पण स्लिपवरची जात किती वेळा खरी असते ते तुम्हीच सांगा.

शिरोळचा_ऊस

...त्याबद्दल आपण प्रत्यक्ष भेटल्यावर बोलू.

नळीतला_रस

उशिरा आलो. मीही स्पेक्ट्रमवर काम करतो (दुसऱ्या जिल्ह्यात, दूध). एक मुद्दा कुणी काढला नाही. `glmnet` प्रत्येक कॉलम आपोआप एका मापात आणतं. वय आणि उत्पन्न असे वेगवेगळ्या एककातले कॉलम असतील तर ते हवंच. पण इथे सातशेही कॉलम एकाच एककात आहेत. ज्या तरंगलांबीवर काहीच घडत नाही, नुसता मशीनचा गोंगाट आहे, तिलाही ताणून पट्ट्यातल्या तरंगलांबीच्या बरोबरीला बसवलं जातं. मी कायम `standardize = FALSE` ठेवतो.

काटकोन

मला हे अर्धंच पटतं. न ताणता ठेवलं, तर ज्या तरंगलांबीत चढउतार मोठा तिथे पेनल्टी सौम्य पडते. रसात सगळ्यात मोठा चढउतार कशाचा? पाण्याचा, आणि रस गढूळ असेल तर प्रकाश विखुरण्याचा. साखरेची सही लहान असते. मोठा तो महत्त्वाचा हे मी गृहीत धरणार नाही.

नळीतला_रस

विखुरण्यासाठी आधी डेरिव्हेटिव्ह घेतलं की तो मुद्दा निकालात निघतो.

काटकोन

आणि डेरिव्हेटिव्हने गोंगाट वाढतो, तो मग तुम्ही ताणत नाही म्हणून दबतो. मग तुमची दोन पावलं एकमेकांना धरून आहेत, एकटं `FALSE` नाही.

रंकाळ्याकाठी

दोन्ही चालवून पाहिलं, पंधरवड्याचे तेच चार फोल्ड. ताणून ०.६३, न ताणता ०.६४, डेरिव्हेटिव्ह घेऊन न ताणता ०.६०. यावरून मी तरी काही ठरवू शकत नाही.

चार फोल्डमध्ये एक वेगळंच दिसलं. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा बाहेर असला की तिन्ही प्रकारांत चूक सगळ्यात जास्त, ०.८ च्या पुढे. त्या पंधरवड्यातले २६ नमुने काढून बघितले. त्यातले ११ एकाच दिवशी घेतलेले, आणि त्या दिवशी मशीनच्या खोलीतला एसी बंद होता असं लॉगबुकात लिहिलंय. रसाचं तापमान मात्र कुणी नोंदवलेलं नाही.

नळीतला_रस

पाण्याचा १४५० चा पट्टा तापमानाने सरकतो. ते ११ नमुने फ्रीजमध्ये आहेत का अजून?

रंकाळ्याकाठी

ऊसाचा रस आहे हो, दुसऱ्या दिवशीच फसफसतो. उद्यापासून ट्रेजवळ थर्मामीटर ठेवतोय. गाळप मार्चपर्यंत चालेल, ४०-५० नमुने तापमानासकट मिळाले की इथेच टाकतो.